कालचा आकडा आज का वाढला?

महापे एमआयडीसीत एका कुरिअर कंपनीचं गोदाम आहे असं समजू. तिथला डॅशबोर्ड रोज सकाळी सहाला आपोआप रिफ्रेश होतो. मंगळवारी सकाळी त्यावर सोमवारच्या डिलिव्हरी १,८४२ दिसल्या. बुधवारी उघडला, तर त्याच सोमवारपुढे १,९०७. सोमवार तर कधीच संपला, मग ६५ डिलिव्हरी आल्या कुठून?

त्या सोमवारीच झाल्या होत्या, फक्त कळल्या उशिरा. वाशीतल्या एखाद्या टॉवरच्या बेसमेंटमध्ये पार्सल दिलं आणि तिथे रेंज नसली, तर अ‍ॅप ती नोंद फोनमध्येच ठेवतं. रेंज मिळाली की पुढे पाठवतं. त्याआधीच बॅटरी संपली आणि फोन मंगळवारी दुपारी सुरू झाला, तर नोंद तेव्हा पोहोचते. त्यामुळे प्रत्येक नोंदीला दोन वेळा चिकटलेल्या असतात: पार्सल कधी दिलं ती `delivered_at`, आणि नोंद डेटाबेसमध्ये कधी शिरली ती `loaded_at`. डॅशबोर्ड दिवस ठरवतो पहिल्या वेळेवरून, आणि ते बरोबरच आहे. पण सकाळी सहाला तो तोवर शिरलेल्याच नोंदी मोजू शकतो.

शंका असेल तर डेटा सांभाळणाऱ्यांकडून सोमवारच्या नोंदी `loaded_at` प्रमाणे वेगळ्या करून घ्याव्यात. मंगळवारी सकाळी सहानंतर आणि बुधवारी सकाळी सहाच्या आत शिरलेल्या नोंदी बरोबर ६५ भरल्या, तर प्रश्न मिटला. त्यातल्या बऱ्याचशा दोन-तीन फोनवरूनच आलेल्या असतील, तर कुठले फोन बघायचे तेही कळतं.

आकडा घटला तर कारण वेगळं. फोन नोंद पाठवतो, पण ‘मिळाली’ हा निरोप परत यायच्या आत रेंज जाते, म्हणून तो तीच नोंद पुन्हा पाठवतो. एकच शिपमेंट नंबर दोनदा मोजला जातो आणि दुबार नोंदी काढणारी प्रक्रिया नंतर चालली की आकडा खाली येतो. इथे शिपमेंट नंबर ताडून पाहावेत. वेळा पाहून काही हाती लागणार नाही.

हा बदल किती दिवस चालेल, ते रिफ्रेशच्या रचनेवर ठरतं. सगळा इतिहास रोज नव्याने मोजणं खर्चिक असतं, म्हणून बऱ्याच ठिकाणी मागचे ठरावीक दिवसच पुन्हा मोजतात. आपल्या गोदामात ते तीन दिवस आहेत असं धरू. गुरुवारच्या रिफ्रेशमध्ये सोमवार, मंगळवार, बुधवार येतात. शुक्रवारी सोमवार बाहेर पडतो. म्हणजे महिन्याच्या अहवालात सोमवारसाठी गुरुवारचा आकडा घ्यावा आणि मंगळवारचा ‘तात्पुरता’ म्हणून दाखवावा. माझ्या मते हा शब्द डॅशबोर्डवर त्या आकड्याशेजारीच छापायला हवा, कारण बघणाऱ्याला तो तिथेच लागतो.

मात्र गुरुवारी दुपारी पोहोचलेली सोमवारची नोंद या तीन दिवसांच्या हिशेबात कधीच येत नाही. ती डेटाबेसमध्ये असते, डॅशबोर्डवर नसते. पुढे कधीतरी कुणी सगळा इतिहास पुन्हा मोजायला लावला, की महिन्याभरापूर्वीचा सोमवार अचानक एकाने वाढलेला दिसतो.