नेट अडखळतं तेव्हा: दोष राउटरचा की लाइनचा?

व्हिडिओ कॉल मध्येच गोठतो, पान अर्धं उघडून थांबतं, डाउनलोड सुरू होतं आणि अडकतं. राउटर बिघडला तरी हेच होतं आणि बाहेरून येणारी लाइन बिघडली तरी हेच. नुसत्या लक्षणांवरून दोघांत फरक करता येत नाही. त्यासाठी मधला राउटर काढून लॅपटॉप थेट मोडेमला जोडायचा आणि तोच त्रास पुन्हा होतो का ते बघायचं. चाचणी सोपी आहे, पण तिचा निकाल चुकीचा लावणंही तितकंच सोपं आहे.

मोडेम बाहेरून आलेला सिग्नल नेटवर्क केबलवर आणून देतो. फायबर असेल तर हेच काम ओएनटी नावाची डबी करते. राउटर त्यापुढे बसतो, कंपनीकडून मिळालेला एक पत्ता घरातल्या सगळ्या उपकरणांसाठी वापरतो आणि वाय-फाय पसरवतो. दोघांच्या मध्ये एक छोटी केबल असते. तिचं राउटरकडचं टोक काढून लॅपटॉपमध्ये घालायचं, एवढीच काय ती अदलाबदल. केबल तीच ठेवा. केबल बदललीत आणि त्रास गेला, तर दोष राउटरचा होता की जुन्या केबलचा, हे कळणार नाही.

घरात एकच डबा असेल आणि बाहेरची तार थेट त्यातच जात असेल, तर मोडेम आणि राउटर दोन्ही त्याच्या पोटात आहेत. त्याला केबलने लॅपटॉप जोडला तर फक्त वाय-फाय बाजूला होतं, राउटर नाही. त्यातला राउटर बंद करायचा तर डबा ब्रिज मोडवर न्यावा लागतो.

अदलाबदलीच्या आधी एक मोजमाप राउटर जागेवर असतानाच घ्या. बरेच जण हे टाळतात आणि तिथेच फसतात. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा, केबलने राउटरच्या लॅन पोर्टला, म्हणजे घरातल्या उपकरणांसाठीच्या पोर्टला, जोडा आणि विंडोजच्या `Command Prompt` मध्ये हे चालवा:

```
ping -n 300 1.1.1.1
```

हा पिंगचा आदेश 1.1.1.1 या इंटरनेटवरच्या पत्त्याला 300 पाकिटं, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, पाठवतो आणि प्रत्येकाचं उत्तर येतं का ते बघतो. सेकंदाला एक याप्रमाणे साधारण 5 मिनिटं लागतात. शेवटी `Lost` पुढे किती पाकिटं हरवली तो आकडा येतो. त्रास फक्त वाय-फायवर होता आणि केबलवर एकही पाकीट हरवलं नाही, तर मोडेमपर्यंत जायची गरजच नाही. दोष वाय-फायच्या टप्प्यात आहे: राउटर कुठे ठेवलाय, मध्ये भिंती किती, आजूबाजूला त्याच चॅनलवर किती गर्दी.

केबलवरही पाकिटं हरवत असतील तर पुढे चला. मोडेम बंद करा, केबल लॅपटॉपमध्ये घाला, मग मोडेम चालू करा आणि त्याचे दिवे स्थिर होईपर्यंत थांबा. बंद-चालू करण्याला कारण आहे. अनेक केबल मोडेम सुरू झाल्यावर पहिल्यांदा जोडलेल्या उपकरणालाच ओळखतात आणि नंतर दुसरं लावलं तर त्याला पत्ता मिळू देत नाहीत. बंद-चालू न करता लॅपटॉप लावला आणि नेट आलं नाही, की ‘लाइनच मेली’ असा निष्कर्ष निघतो, आणि लाइन बिचारी ठणठणीत असते. राउटर परत लावतानाही हेच करावं लागतं.

आता पिंगच्या आधी पत्ता बघा:

```
ipconfig
```

`IPv4 Address` समोर `169.254` ने सुरू होणारा आकडा दिसला तर लॅपटॉपला कुणीच पत्ता दिलेला नाही. `192.168` ने सुरू होत असेल तर बहुधा समोरचा डबा स्वतःच राउटरचं काम करतोय. केबल मोडेमवर `192.168.100` दिसलं, तर मोडेमला लाइनवर पकड मिळालेली नसण्याची शक्यता जास्त. यांखेरीज वेगळा, बाहेरचा पत्ता दिसला तर चाचणी पुढे नेता येते. मात्र आता लॅपटॉप आणि इंटरनेट यांच्यामध्ये राउटरची आडभिंत नाही. म्हणून फायरवॉल चालू ठेवा, नेटवर्कचा प्रकार `Public` निवडा आणि चाचणी संपली की केबल काढा.

`169.254` दिसलं म्हणजे लाइन वाईट, असंही लगेच धरू नका. काही जोडण्यांना युजरनेम आणि पासवर्ड लागतो. त्याला पीपीपीओई म्हणतात आणि ती माहिती राउटरमध्ये भरून ठेवलेली असते. राउटर काढला की ती त्याच्याबरोबर जाते. राउटरच्या सेटिंगमध्ये वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या, पानावर `PPPoE` लिहिलेलं दिसलं, तर विंडोजमध्ये तीच माहिती भरून ब्रॉडबँड जोडणी तयार करावी लागते. काही कंपन्या यावर व्हीलॅनचा, म्हणजे त्या जोडणीची वाहतूक वेगळी ओळखण्याचा, क्रमांकही लावतात. तो लॅपटॉपवर लावता येत नसेल तर ही चाचणी तिथे लागू पडत नाही, दुसरा राउटर लावून बघणं बरं.

एक उदाहरण आकड्यांनिशी बघू. समजा, रोज रात्री 9 च्या सुमाराला नेट अडखळतं. राउटरला केबल लावून 300 पैकी 21 पाकिटं हरवली, म्हणजे 7 टक्के. लगेच मोडेम बंद-चालू करून लॅपटॉप थेट लावला, तर 0 हरवली. राउटर दोषी? अजून नाही. या दोन मोजमापांमध्ये दोन गोष्टी बदलल्या आहेत: राउटर निघाला आणि मोडेम नव्याने सुरू झाला. अडकलेला मोडेम बंद-चालू केल्यानेही ताळ्यावर येतो. म्हणून राउटर परत लावा, मोडेम पुन्हा बंद-चालू करा आणि त्याच वेळी तिसरं मोजमाप घ्या. पुन्हा 20 च्या आसपास हरवली तर दोष राउटरकडे आहे, कारण आता फरक फक्त त्याचाच उरला. तिसऱ्यांदाही 0 आलं तर काहीच ठरलेलं नाही. दुसऱ्या रात्री 9 ला लॅपटॉप थेट लावूनच बसा. दुपारी घेतलेल्या स्वच्छ आकड्यावरून रात्रीचा दोष ठरत नाही.

उलट, थेट लावल्यावरही 20 च्या आसपास हरवली तर राउटर सुटला. पण म्हणजे ‘लाइन’ पक्की अडकली असं नाही. मोडेम, ती छोटी केबल आणि लॅपटॉपचा पोर्ट हे तिघंही अजून संशयात आहेत. आता केबल बदला, जमलं तर दुसरा लॅपटॉप लावा. तरीही आकडा तसाच राहिला तर मोडेम किंवा त्याच्या पलीकडचं काहीतरी. त्या दोघांत फरक घरी बसून करता येत नाही, ते कंपनीच्या माणसाचं काम.

वेगाची तक्रार असेल तर आणखी एक सापळा आहे. थेट लावूनही वेग 94 एमबीपीएसच्या वर जातच नसेल, तर लाइनला दोष देण्याआधी लॅपटॉपच्या `Ethernet` सेटिंगमध्ये `Link speed` बघा. तिथे `100/100` असेल तर केबलमधली एखादी जोडी तुटलेली असते, किंवा पोर्टच 100 चा असतो. केबल आठही तारांची, धड असलेली घेतली आणि तिथे `1000/1000` दिसलं, की मगच वेग पुन्हा मोजा.

तक्रार नोंदवताना ‘नेट स्लो आहे’ एवढंच सांगू नका. ‘राउटर काढून, केबल बदलून, रात्री 9 ते 9:05 मध्ये 300 पैकी 20 पाकिटं हरवली’ असं सांगा आणि `Lost` च्या ओळीचा फोटो जोडा. ‘राउटर बंद-चालू करून बघा’ या उत्तराला मग जागा उरत नाही.