बाईला हॅन्डसम म्हणावं का? एका पत्रकावरच्या वादाची पार्श्वभूमी

मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मधल्या एका गावात गेल्या हंगामाच्या तोंडावर होमस्टेचं इंग्रजी पत्रक तयार होत होतं. त्यात चार फोटो होते: जांभ्या चिऱ्याचं घर, घरची सत्तरीतली आते, संध्याकाळचा किनारा आणि गेल्या भाद्रपदातली गौर. मजकूर लिहिणाऱ्या शिक्षकांनी आतेच्या फोटोखाली ‘हॅन्डसम’ लिहिलं आणि बैठकीत पहिला आवाज आला, ‘बायलमाणसाक हॅन्डसम कोण म्हणता?’ शब्द खोडून ‘प्रिटी’ झाला, मग ‘ब्यूटिफुल’, मग परत ‘हॅन्डसम’. दोन बैठका त्यातच गेल्या. वाद हास्यास्पद वाटेल, पण शब्दाचा मागचा प्रवास बघितला तर दोन्ही बाजूंच्या हातात काहीतरी होतं. माझ्या मते शिक्षकांच्या हातात जास्त होतं.

या शब्दाचं मूळ हातात आहे. सुमारे 1400 च्या इंग्रजीत हॅन्डसम म्हणजे हाताळायला सोपं, हाताशी नीट बसणारं. पुढे त्याचा अर्थ सोयीचं, योग्य असा झाला. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला दोन फाटे फुटले. एक फाटा भरघोसपणाचा. आपण ‘हॅन्डसम पगार’ म्हणतो तो याच फाट्यावरचा, आणि तिथे रूपाचा संबंध नाही. दुसरा फाटा देखणेपणाचा. पण या देखणेपणात आकाराचा आणि बांध्याचा भाव राहिला: ठसठशीत, प्रमाणबद्ध, भारदस्त. म्हणून इंग्रजीत इमारत, घोडा, टेबल, जाड बांधणीचं पुस्तक यांना हॅन्डसम म्हणतात, आणि गुलाबाच्या कळीला म्हणत नाहीत.

बायकांना हा शब्द लावणं तर एके काळी अगदी रोजचं होतं. 1815 च्या डिसेंबरात आलेली एक फार गाजलेली इंग्रजी कादंबरी पहिल्याच वाक्यात आपल्या नायिकेला हॅन्डसम म्हणते. त्याच लेखिकेच्या 1813 च्या कादंबरीत नाचाच्या कार्यक्रमात नायक नायिकेबद्दल म्हणतो की ती मला भुलवण्याइतकी हॅन्डसम नाही. तिथे वाचकाला काही खटकत नव्हतं. पुढच्या काळात हा शब्द हळूहळू पुरुषांकडे सरकला आणि बाईसाठी त्याचा अर्थ आक्रसला. आजचे चांगले शब्दकोश बाईसाठीचा अर्थ वेगळा देतात: नाजूक नाकीडोळी नव्हे, तर ठळक, भक्कम चेहरेपट्टी असलेली. शब्द लागतो, पण कुठल्याही बाईला नाही. वीस वर्षांच्या लाजऱ्या मुलीला हॅन्डसम म्हटलं तर इंग्रजी ऐकणारा दचकेल. रुंद कपाळाची, ताठ कण्याची, नऊवारीतली करारी आते मात्र त्या व्याख्येत चपखल बसते.

मग बैठकीत तो शब्द एवढा टोचला का? कारण आपल्याकडे हॅन्डसम त्या जुन्या वाटेने आलाच नाही. मुंबईच्या चाकरमान्यांच्या तोंडून, सिनेमाच्या गप्पांतून आणि लग्नाच्या बायोडेटातून तो आला, तोवर त्याने पुरुषाचे कपडे घातले होते. बायोडेटात मुलगा ‘हॅन्डसम’ आणि मुलगी ‘नाकीडोळी नीटस’ किंवा ‘सुस्वरूप’ अशी वाटणी पक्की झाली. 2000 पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. मुलांकडून जे पाठ करून घेतलं गेलं ते पुल्लिंगी-स्त्रीलिंगी जोड्यांसारखं: बॉय हॅन्डसम, गर्ल ब्यूटिफुल. 2005 मध्ये पुरुषांसाठी गोरेपणाचं क्रीम बाजारात आलं, त्याच्या नावातच हॅन्डसम होतं आणि त्याच्या शेजारी गोरेपण. बैठकीत विरोध करणाऱ्यांचं वय बघितलं तर बहुतेक जण याच काळात मोठे झालेले. त्यांना हॅन्डसम आते ऐकून मिशा दिसल्या असतील तर तो त्यांचा दोष नाही.

त्याहून खोल कारण मराठीच्या घडणीत आहे. मराठीत लिंग शब्दाच्या शेपटीला असतं. देखणा मुलगा, देखणी मुलगी, देखणं घर, देखणं अक्षर: शब्द तोच, फक्त शेवट बदलतो. ‘सुंदर’ला तर तेवढंही लागत नाही. इंग्रजी विशेषणाला शेपूट नाही, त्यामुळे लिंगाचा भार शब्दाच्या निवडीवरच पडतो. आपल्याला ‘देखणा’ आणि ‘देखणी’ला एकच इंग्रजी शब्द मिळावा असं वाटतं, आणि शाळेत मात्र दोन शब्द देतात. या दोन शब्दांत नर-मादीखेरीज आणखी एक फरक आहे, ठसठशीत आणि नाजूक हा, तो या देवाणघेवाणीत गळून पडतो. ‘रुबाबदार’ आणि ‘नाजूक’ या आपल्या दोन शब्दांत तो आहे. गंमत म्हणजे रुबाबदार बाई म्हणायला मराठीत फारसं कुणी अडत नाही.

आता प्रिटी. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ लबाड, धूर्त असा होता. पुढे चतुर, मग छानसा, आणि पंधराव्या शतकापर्यंत छोटेखानी सुंदर. त्यात ‘छोटेखानी’ आजही टिकून आहे. आतेला प्रिटी म्हटलं की इंग्रजी वाचकाच्या डोळ्यापुढे लहान चणीची, गोंडस म्हातारी उभी राहते, आणि फोटोतली बाई तशी नाही. पुरुषाला प्रिटी म्हटलं तर एके काळी तो शूर ठरे. आता त्यात बहुधा टोमणाच असतो. गल्लीतल्या फुलांच्या कुंपणाला, छोट्या खाडीला, चिमुकल्या देवळाला, गावाच्या टेकडीवरून दिसणाऱ्या होड्यांना प्रिटी छान लागतो. समुद्र खवळलेला असताना तो शब्द वापरून बघा, लगेच कळेल की कुठे बसत नाही.

पण होमस्टेवाल्यांना प्रिटीने सगळ्यात जास्त फसवलं ते दुसऱ्याच रूपात. सोळाव्या शतकापासून हा शब्द विशेषणाच्या आधी येऊन ‘बऱ्यापैकी’ असाही अर्थ देतो. एका पाहुण्याने अभिप्रायाच्या वहीत लिहिलं, ‘रूम्स वेअर प्रिटी क्लीन.’ घरमालकाने ते पान फोटो काढून गटात टाकलं. त्याला वाटलं, सुंदर आणि स्वच्छ! पाहुण्याचं म्हणणं होतं, बऱ्यापैकी स्वच्छ, म्हणजे न्हाणीघराकडे थोडं बघा. ओळखायची खूण सोपी आहे: प्रिटीच्या लगेच पुढे दुसरं विशेषण किंवा क्रियाविशेषण आलं तर ते कौतुक नव्हे, मोजमाप. पुढे थेट नाम आलं तर रूप. ‘प्रिटी रूम’ म्हणजे छानशी खोली, ‘प्रिटी क्लीन रूम’ म्हणजे ठीकठाक स्वच्छ खोली.

मालवणी माणसाला खरं तर हे नवं नसावं. आमच्याकडे ‘चेडू बरां आसा’ म्हणजे मुलगी चांगली आहे, पसंत आहे. हेच वाक्य पुण्याच्या कानाला ‘बरी आहे’ असं पोचतं, म्हणजे चालून जाईल. एकाच शब्दाचं वजन घाट चढला की निम्मं होतं. सोयरीक जुळवताना यावरून रुसवे झालेले मी पाहिले आहेत.

गॉर्जिअसवर बैठकीत वाद झाला नाही, उलट सगळ्यांनाच तो कुठेही हवा होता. फ्रेंचमधून पंधराव्या शतकाच्या शेवटी आलेला हा शब्द मुळात पेहरावाचा: भपकेदार, भरजरी. त्यामुळे गौरीच्या फोटोला तो नेमका बसला. दागिने, पैठणी, तेरड्याची फुलं, समया, सगळं डोळ्यात भरणारं. सूर्यास्तालाही चालतो, कारण तिथेही रंगांची उधळणच आहे. माणसांना तो आता सर्रास लावतात, पण त्यात उत्साहाचा आवाज असतो. मैत्रिणीने मैत्रिणीला म्हणावं इतपत ठीक. छापील पत्रकात अनोळखी बाईबद्दल तो वाचताना जरा गळ्यात पडल्यासारखं वाटतं.

एलिगंट त्याच्या नेमका उलट टोकाला. लॅटिनमधल्या ‘निवडणे’ या क्रियापदाशी त्याचं नातं आहे, आणि तिथेही सुरुवातीला तो शब्द नखरेल, फार चोखंदळ माणसाला नावं ठेवायला वापरत. पुढे निवडीची चव हा गुण झाला. जिथे काहीतरी गाळलं आहे तिथे एलिगंट: बारीक काठाची एकरंगी साडी, एकच मोत्यांची कुडी, गणितातली चार ओळींची सिद्धता. ज्या गौरीला गॉर्जिअस म्हटलं तिला एलिगंट म्हणता येत नाही. एका शब्दाला भर लागते, दुसऱ्याला काटछाट. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याची, म्हणजे जुन्या पत्त्यांच्या खेळाची, पानं बघताना मी याच दोन शब्दांत अडकलो होतो. 120 गोल पानांचा सगळा डाव पसरला की गॉर्जिअस, आणि एखादं कमी चिन्हांचं पान एकटं हातात घेतलं की एलिगंट.

राहिला अट्रॅक्टिव्ह. मूळ अर्थ ओढणारं. मध्ययुगात तो वैद्यकातला शब्द होता, शरीरातले द्रव ओढून घेणाऱ्या गुणाबद्दल. रूपाकडे तो सतराव्या शतकाच्या सुमारास आला. आपला ‘आकर्षक’ही ओढण्यावरूनच बनलेला, म्हणून भाषांतर सोपं वाटतं. पण बाकीचे चार शब्द बघितलेल्या वस्तूबद्दल बोलतात, हा बघणाऱ्याबद्दलही बोलतो: मी ओढला गेलो. दराला, सवलतीला, पॅकेजला तो निर्धोक. पत्रकात ‘अट्रॅक्टिव्ह रेट्स’ होतंच. मात्र यजमानाच्या सुनेला पाहुण्याने अट्रॅक्टिव्ह म्हटलं तर इंग्रजीत ते मोजकं, सभ्य कौतुक असू शकतं, आणि आमच्या ओटीवर तो संध्याकाळपर्यंतचा विषय होतो.

आमचा सिंधुदुर्ग जिल्हा 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि 1998 च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, तेव्हापासून अशी पत्रकं निघत आहेत. जुन्या पत्रकांत सगळंच ब्यूटिफुल असायचं: घर, किनारा, सोलकढी, रस्ता. त्यात चूक काही नव्हती, फक्त कुठल्याही गावाचं पत्रक कुठल्याही गावाला चाललं असतं.

शेवटी झालं असं की घराच्या फोटोखाली ‘हॅन्डसम’ गेलं, कारण जांभ्याच्या जाड भिंती, रुंद पडवी आणि कौलांचा उतार बघता त्यावर कुणाचं दुमत नव्हतं. किनाऱ्याला आणि गौरीला गॉर्जिअस दोनदा नको म्हणून किनारा नुसता ‘संध्याकाळचा किनारा’ राहिला. आतेला विचारलं तेव्हा तिने चष्मा लावून फोटो पाहिला आणि म्हणाली, ‘माका नुसती बरी म्हणा.’ हे इंग्रजीत कसं लिहायचं ते शिक्षकांनाही सुचलं नाही. तिच्या फोटोखाली फक्त तिचं नाव छापलं, आणि त्याखाली घावणे ती स्वतः करते असं.