निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण

नियत वयोमानाने निवृत्त होताना निवृत्तिवेतनाचा काही भाग सोडून त्याबदल्यात एकरकमी पैसे घेण्याची सोय म्हणजे अंशराशीकरण. सांगली-साताऱ्याकडच्या कचेऱ्यांत आणि शिक्षकांच्या खोल्यांत हा शब्द क्वचितच कानावर पडतो. तिथे सरळ ‘पेन्शन विकली’ असे म्हणतात. प्रत्यक्षात विक्री कायमची नसते. विकलेला भाग १५ वर्षांनी परत मिळतो.

महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी या व्यवहाराचे नियम १९८४ चे आहेत. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन लागू असल्याने ही नोंद मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे. बहुतेकांचे नियत वयोमान ५८, वर्ग चारचे ६०. वय पूर्ण होते त्या महिन्याच्या अखेरीस माणूस निवृत्त होतो. जन्म मात्र १ तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच, आणि सत्काराची तारीख ठरवताना यावर हमखास वाद होतो.

मिरजेच्या एका कचेरीतल्या अव्वल कारकुनाचे काल्पनिक उदाहरण घेऊ. त्याचे शेवटचे मूळ वेतन ६०,००० रुपये आणि सेवा पूर्ण, म्हणून मूळ निवृत्तिवेतन निम्मे, म्हणजे ३०,०००. यातले जास्तीत जास्त ४० टक्के विकता येतात, म्हणजे महिना १२,०००. या रकमेला १२ ने आणि मग वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. गुणक पुढच्या वाढदिवसाच्या वयाचा धरतात. ५८ ला निवृत्त होणाऱ्यासाठी तो ५९ चा, ८.३७१. हिशेब होतो १२,०५,४२४ रुपये, आणि शासकीय कर्मचाऱ्याला त्यावर आयकर नाही. निवृत्तीनंतर वर्षाच्या आत अर्ज केला तर वैद्यकीय तपासणीही लागत नाही.

आता महिन्याकाठी हातात काय पडते ते पाहू. मूळ निवृत्तिवेतन १८,००० उरले. महागाई वाढ मात्र या १८,००० वर नव्हे, पूर्ण ३०,००० वर मिळते. हा दर वेळोवेळी बदलतो; सोयीसाठी ५० टक्के धरला तर वाढ १५,००० आणि एकूण ३३,००० रुपये. विकली नसती तर ४५,००० आले असते. दोन्हींतला फरक नेमका १२,०००, आणि महागाईचा दर कितीही वाढला तरी तो तेवढाच राहतो.

मिळालेले बारा लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवता येतात. साठीच्या आत असला तरी ५५ पूर्ण केलेल्या निवृत्ताला ती खुली आहे, फक्त निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून ३ महिन्यांत गुंतवावे लागतात. वार्षिक ८.२ टक्के धरले तर १२,०५,००० वर दर तिमाहीला सुमारे २४,७०० रुपये येतात, म्हणजे महिन्याला ८,२०० च्या आसपास. पेन्शन धरून मासिक उत्पन्न ४१,२०० होते आणि मुद्दल जागेवर राहते. व्याजावर मात्र कर आहे. पैसे घराच्या स्लॅबमध्ये किंवा लेकीच्या लग्नात गेले, तर महिन्याला ३३,००० च उरतात. गावोगावी बहुतेकांचे तसेच होते, त्यामुळे अर्ज भरण्याआधी हा आकडा घरात बोलून घेतलेला बरा.

१२,००० ची कपात १८० महिने चालली तर एकूण २१,६०,००० वळते होतात. कर्ज म्हणून पाहिले तर त्यावर साधारण ८.७ टक्के व्याज पडते. पण हे कर्ज वेगळे आहे: निवृत्त व्यक्ती १५ वर्षांआधी वारली तर उरलेले हप्ते कुणी मागत नाही आणि कुटुंबनिवृत्तिवेतनही त्यामुळे कमी होत नाही, कारण ते शेवटच्या वेतनावरून ठरते. म्हणूनच व्याजदराची तुलना करून ‘तोट्याचा सौदा’ म्हणणाऱ्यांचे गणित अर्धवट राहते.

चुका बहुधा दोन ठिकाणी होतात. एक, महागाई वाढ उरलेल्या रकमेवर काढली जाते. वरच्या उदाहरणात १५,००० ऐवजी ९,०००. ओळखायला सोपे: वाढीच्या रकमेला दराने भागले की विकण्याआधीचे पूर्ण मूळ निवृत्तिवेतन निघायला हवे. दोन, १५ वर्षे उलटूनही कपात चालू राहते. त्यासाठी निवृत्तीची नव्हे, तर कपात प्रत्यक्ष सुरू झाली ती तारीख पी.पी.ओ.च्या, म्हणजे निवृत्तिवेतन देण्याच्या आदेशाच्या, प्रतीवर लिहून ठेवावी आणि त्या महिन्यात कोषागारात पुनःस्थापनेची चौकशी करावी. नोव्हेंबरात हयातीचा दाखला देताना हेही विचारून घेता येते.

कारखान्यातल्या माणसाला ही सोयच नाही. वाळवा-कराडच्या साखर कारखान्यांतले कामगार भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत येतात आणि त्या योजनेतले अंशराशीकरण २६ सप्टेंबर २००८ पासून बंद आहे. त्याआधी विकलेल्यांना १५ वर्षांनी पूर्ण पेन्शन देण्याचा निर्णय २०२० मध्ये झाला.