आधार खात्याला जोडलंय, मग पैसे कुठे गेले?

आमच्या घणसोलीच्या चाळीत 'माझी लाडकी बहीण' योजनेचे दीड हजार शेजारणीच्या मोबाईलवर दर महिन्याला वाजायचे, आणि मावशींचा मोबाईल मात्र गप्प. अर्ज मंजूर, पोर्टलवर रक्कम 'जमा' दिसतेय, पासबुकात काहीच नाही. बँकेत विचारलं तर उत्तर ठरलेलं: "तुमचं आधार लिंक आहे." ते खोटं नव्हतं. पण 'लिंक आहे' या दोन शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात, आणि मावशींकडे त्यातली एकच होती.

पहिली गोष्ट म्हणजे बँकेच्या स्वतःच्या नोंदीत आधार असणं. केवायसीसाठी आपण झेरॉक्स देतो किंवा अंगठा लावतो, आणि नंबर खात्यासमोर चढतो. हे एकाच वेळी पाच बँकांत असू शकतं. बँकेला तुम्ही कोण आहात ते कळतं, एवढंच त्याचं काम.

दुसरी गोष्ट बँकेच्या बाहेर आहे. देशभरातल्या बँकांमधले पैशांचे व्यवहार जोडणारी एनपीसीआय नावाची संस्था आहे. तिच्याकडे एक यादी असते, तिला मॅपर म्हणतात. त्यात प्रत्येक आधार नंबरासमोर एकाच बँकेचं नाव असतं. खाते क्रमांक तिथे नसतो, फक्त बँक. सरकार आधारवरून पैसे पाठवतं तेव्हा अर्जात तुम्ही कुठला खाते क्रमांक लिहिलाय हे पाहिलं जात नाही. मॅपरमध्ये ज्या बँकेचं नाव असेल तिकडे पैसे वळतात, आणि ती बँक स्वतःच्या नोंदीत तो आधार शोधून खात्यात जमा करते. या नोंदीला सीडिंग म्हणतात. काउंटरवर मात्र दोन्हींना 'लिंक'च म्हणतात, तिथेच घोळ होतो.

नाव एकच मावतं, म्हणून नंतरची नोंद आधीचीला पुसते. नवं खातं उघडताना फॉर्मवर 'सरकारी अनुदान याच खात्यात हवं' अशा ओळीपुढे न वाचता टिकमार्क झाला की पुरे. 2017 मध्ये ग्राहकांच्या नकळत उघडलेल्या खात्यांत गॅसचं अनुदान गेल्याचं प्रकरण गाजलं होतं. त्यानंतर नियम कडक झाले, पण सह्या न वाचता करायची आपली सवय तशीच आहे.

मावशींचं कोडं तसं पाच मिनिटांत सुटलं. `myaadhaar.uidai.gov.in` वर आधार नंबर आणि ओटीपीने आत गेलो, `Bank Seeding Status` उघडलं. (ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवरच येतो. तो नंबर बदललेला असेल तर आधी आधार केंद्र गाठावं लागतं.) तिथे त्यांच्या कोपरखैरणेच्या बँकेचं नाव नव्हतंच. नाव होतं एका वेगळ्याच बँकेचं, आणि स्थिती `Active`. मावशी जरा विचारात पडल्या, मग म्हणाल्या, "अगं, महापेच्या कंपनीत ठेकेदाराने सगळ्यांची खाती काढली होती, ते असेल!" काम सुटून तीन वर्षं झालेली. पासबुक कुठे गेलं ते त्यांनाही आठवेना.

म्हणजे पैसे बुडाले नव्हते, चुकीच्या घरी नीट पोचत होते. त्या बँकेत सहा हप्त्यांचे 9,000 रुपये पडून होते. खातं निष्क्रिय झालं होतं, म्हणून काढण्याआधी पुन्हा केवायसी करावी लागली. खातं पुन्हा चालू करायला बँकेने शुल्क घ्यायचं नसतं, हे तिथे ठामपणे सांगावं.

पुढच्या हप्त्यांसाठी कोपरखैरणेच्या शाखेत आधार सीडिंगचा संमतीचा फॉर्म भरला. त्यात आधीच्या बँकेचं नाव लिहून 'तिथून इथे हलवा' असं सांगायचं असतं. नुसती आधारची झेरॉक्स दिली तर पुन्हा केवायसीच होते, मॅपर हलत नाही. चार दिवसांनी पुन्हा स्टेटस पाहिलं, नाव बदललेलं होतं. काउंटरवरच्या "झालं" या शब्दावर विसंबू नये, स्क्रीनवर नाव दिसल्यावरच समजावं.

दोन गोष्टी ध्यानात असू द्या. मॅपर हलवला की आधारवरून येणारं सगळंच हलतं, गॅसचं अनुदानही. आणि एकाच बँकेत तुमची दोन खाती असतील तर नेमकं कुठलं, हे मॅपर नाही, बँकच ठरवते. फॉर्मवर खाते क्रमांक ठळक लिहावा.

स्क्रीनवर `Inactive` असेल किंवा बँकच दिसत नसेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा पैसे कुठेच पोचत नाहीत, परत जातात, आणि सीडिंग झाल्यावर ते सरकारी विभागाने पुन्हा पाठवले तरच मिळतात. अर्ज मंजूरच नसेल तर मात्र बँकेच्या खेपा फुकट, तिथे अर्जाची स्थितीच पाहायची.

मावशींना आता मेसेज येतो. जुनं खातं मात्र अजून बंद केलेलं नाही, महाप्याला जायला सुट्टी मिळत नाही म्हणतात.