पत्र्याला पोट का येतं?

सोलापुरात मे महिन्यात पश्चिमेला तोंड असलेलं, गडद रंग दिलेलं लोखंडी गेट दुपारी चारच्या सुमारास पाहावं. सकाळी सपाट दिसणारा पत्रा मधोमध फुगलेला असतो. तळहातानं दाबला तर ‘टण्’ आवाज करून आत जातो आणि हात काढला की बहुधा परत बाहेर येतो. रात्री पत्रा निवला की पोट गेलेलं असतं. मालकानं तक्रार केली की फॅब्रिकेशनवाला म्हणतो, पत्रा हलका घेतला म्हणून. यात तथ्य आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं समजायला आधी एक सोपा प्रश्न सोडवावा लागतो: चारही कडांनी पक्का धरलेला पत्रा सगळीकडे सारखाच तापला तर त्याच्या आत काय होतं?

एक मीटर लांब, एक मीटर रुंद, ३ मिलिमीटर जाड असा साध्या लोखंडाचा म्हणजे माइल्ड स्टीलचा पत्रा घेऊ. तो ३० अंशांनी तापला. मोकळा असता तर दर मीटरला दर अंशामागे ०.०१२ मिलिमीटर या हिशेबानं तो लांबीत ०.३६ मिलिमीटर वाढला असता आणि रुंदीतही तेवढाच. वाढू दिला असता तर त्याच्या अंगात ताण, दाब काहीच आला नसता. उष्णतेनं दाब येत नाही, अडवणुकीनं येतो. ही गोष्ट मनात पक्की धरली की पुढचं सगळं सोपं आहे.

आता कडा पक्क्या आहेत, म्हणजे वाढलेले ०.३६ मिलिमीटर परत आत ढकलावे लागणार. फक्त पूर्व-पश्चिम दिशा अडवली आणि उत्तर-दक्षिण मोकळी सोडली तर हिशेब सरळ आहे. एक मीटर स्टील ०.३६ मिलिमीटर आखूड करायला दर चौरस मिलिमीटरला ७२ न्यूटन, म्हणजे साधारण सव्वासात किलो जोर लागतो. पण आपल्याकडे दोन्ही दिशा अडलेल्या आहेत, आणि खरी गंमत इथेच आहे.

स्टील एका दिशेनं दाबलं की आडव्या दिशेला पसरतं. किती? दाबल्याच्या ०.३ पट. या आकड्याला पॉयसन गुणोत्तर म्हणतात. पूर्व-पश्चिम ०.३६ दाबले की उत्तर-दक्षिण पत्रा आणखी ०.१०८ मिलिमीटर पसरू पाहतो. तिथे आधीचे उष्णतेचे ०.३६ आहेतच, त्यामुळे आता ०.४६८ दाबावे लागतात. ते दाबले की पूर्व-पश्चिम दिशेला ०.१४० नव्यानं बाहेर येतं. ते दाबलं की पलीकडे ०.०४२. एकाला बसवलं की दुसरा उठतो, अशी ही रस्सीखेच. मात्र प्रत्येक फेरीत उरलेलं लहान होत जातं आणि दोन्ही दिशांची बेरीज ०.५१४ वर येऊन थांबते. ०.३६ ला ०.७ नं भागलं तरी हाच आकडा मिळतो, आणि ०.७ म्हणजे १ उणे ०.३. म्हणून पुस्तकातलं सूत्र असं दिसतं:

σ = E α ΔT / (1 − ν)

यात σ म्हणजे दाब, E म्हणजे धातूचा ताठपणा, α म्हणजे दर अंशामागची वाढ, ΔT म्हणजे तापमानातली वाढ आणि ν म्हणजे पॉयसन गुणोत्तर. आपल्या पत्र्यासाठी उत्तर येतं दर चौरस मिलिमीटरला १०३ न्यूटन, म्हणजे साडेदहा किलो. सूत्रात लांबी, रुंदी, जाडी काहीच नाही. मीटरभराचा पत्रा असो की वीतभराचा, तापमान तेवढंच वाढलं तर दाब तेवढाच, आणि दोन्ही दिशांना सारखा. एका दिशेच्या अडवणुकीपेक्षा तो ४३ टक्के जास्त. साधं स्टील दर चौरस मिलिमीटरला सुमारे २५० न्यूटनला कायमचं दबायला लागतं. एकच दिशा अडलेली पट्टी त्यासाठी १०४ अंश तापावी लागते, दोन्ही दिशांनी अडलेला पत्रा ७३ अंशांतच तिथे पोचतो. रुळाच्या हिशेबाची सवय असलेला माणूस पत्र्यासाठीही एकाच दिशेचं सूत्र वापरतो आणि इथे हमखास फसतो.

पत्र्याला मोकळी दिशा उरते ती एकच, जाडीची. दोन्हीकडून चेपल्यामुळे तो जाडीत नेहमीपेक्षा १.८६ पट फुगतो. पण ३ मिलिमीटरमध्ये ही वाढ जेमतेम दोन मायक्रॉन भरते, डोळ्याला दिसायची बात नाही. तेव्हा गेटवर दिसणारं पोट हे नव्हे.

दिसणारं पोट वेगळ्या कारणानं येतं. वरचा सगळा हिशेब पत्रा सपाट राहील असं धरून केला होता. पातळ वस्तू मात्र दाब सोसत बसण्यापेक्षा वाकून सुटका करून घेते. पोस्टकार्ड दोन बोटांत धरून कडांनी दाबलं तर चुरगळायच्या आधी कमान होते, तसंच. जहाजांच्या पत्र्यांसाठी हे गणित जी. एच. ब्रायन यांनी १८९१ मध्ये मांडलं. चौकोनी पत्र्याच्या कडा पक्क्या धरलेल्या असतील आणि दाब दोन्ही दिशांना सारखा असेल, तर तो किती अंश तापल्यावर वाकेल हे साधारण असं निघतं:

ΔT = 5.3 π² t² / [12 (1 + ν) α b²]

t म्हणजे जाडी, b म्हणजे बाजूची लांबी. आपला ३ मिलिमीटरचा पत्रा घालून पाहा. उत्तर येतं अडीच अंश. तीस नव्हे, अडीच! १.२ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे बाजारात १८ गेज म्हणून मिळतो तसा मीटरभर पत्रा घेतला तर ०.४ अंश. कडा बिजागरीसारख्या हलत असतील तर ५.३ च्या जागी २ येतो आणि उत्तर आणखी खाली जातं. म्हणजे साडेदहा किलोचा तो दाब मोठ्या पातळ पत्र्यात कधी येतच नाही. तो बिचारा कधीच वाकून मोकळा झालेला असतो.

या सूत्रात E नाही, हे बारकाईनं पाहण्यासारखं आहे. धातू किती ताठ आहे याचा वाकायच्या तापमानाशी संबंध उरत नाही, कारण ताठ धातू जेवढा जोर लावतो तेवढाच जोरानं वाकण्याला विरोधही करतो. ॲल्युमिनियमचं पाहा. सारख्याच तापमानवाढीला त्यात स्टीलपेक्षा कमी दाब येतो, तरी ते प्रसरण पावतं जवळजवळ दुप्पट, म्हणून त्याच मापाचा ॲल्युमिनियमचा पत्रा स्टीलच्या निम्म्या तापमानवाढीतच पोट काढतो.

पोट किती येईल? मधली एक पट्टी कमानीसारखी वाकली असं धरून ढोबळ हिशेब केला तर ३० अंशांना साधारण १२ मिलिमीटर. लांबीतली वाढ ०.३६ आणि उंचवटा १२! सपाट रेषा किंचितही लांब झाली की ती उंचावते मात्र खूप, हा भूमितीचा खेळ आहे. म्हणून एवढीशी वाढ एवढ्या लांबून दिसते.

आता एक शंका रास्त आहे. गेटची चौकटही उन्हात तापते, मग अडवणूक कुठून आली? पत्रा आणि चौकट दोन्ही सारखेच तापले आणि दोन्ही लोखंडाचे असले, तर खरंच काही होणार नाही. म्हणून हिशेबात घ्यायचं ते हवेचं तापमान नव्हे, पत्रा आणि चौकट यांतला फरक. पातळ पत्रा उन्हाला भराभर तापतो. चौकटीचा जाड अँगल मागे राहतो, शिवाय त्याचा काही भाग भिंतीच्या सावलीत असतो. फरक पाच-दहा अंशांचा पडला तरी पुरे, कारण वाकायला अर्धा अंशही जास्त होतो.

चौकट तितकी मजबूत असते का, हाही प्रश्न येतो. साडेदहा किलोचा पूर्ण दाब पेलायचा तर १.२ मिलिमीटरच्या पत्र्याच्या दर मीटर कडेला साडेबारा टन जोर पडेल. ३५ मिलिमीटरचा अँगल त्यापुढे धनुष्यासारखा वाकेल. पण पत्र्याला वाकवायला मीटरमागे पावणेदोनशे किलोही पुरतात, आणि तेवढं हा अँगल सहज पेलतो. चौकट मोडायच्या कितीतरी आधी पत्राच शरण येतो.

वेल्डिंग या सगळ्यात भर घालतं. कडेनं सलग वेल्ड मारलं की निवताना ती कड आकसते आणि मधला भाग तिला जास्त होतो. असा पत्रा ऊन लागायच्या आधीच दाबात असतो, कधी कधी दुकानातच लाटा घेऊन उभा असतो. उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो: सलग वेल्ड न मारता २५ मिलिमीटरचे तुकडे साधारण दीडशे मिलिमीटर अंतरानं मारायचे, सुरुवात बाजूंच्या मध्यापासून करायची, आणि एका बाजूला मारला की पुढचा समोरच्या बाजूला.

पत्रा बसवला तेव्हाचं तापमान ही हिशेबाची शून्य रेषा. जानेवारीच्या गार सकाळी पत्रा आणि चौकट सारख्याच तापमानाला जोडल्या तर उन्हातला फरक पूर्णपणे दाबात जातो. उलट, चौकट सावलीत ठेवून पत्रा उन्हात तापवून जोडला, तर निवल्यावर तो डफासारखा ताणलेला राहतो. पुढे फरक तेवढा झाल्याशिवाय तो दाबात येत नाही. पण यात अती करू नये. २० अंशांच्या फरकानं जोडलेला पत्रा हलक्या अँगलला आत खेचून चौकटच वाकडी करतो. चार-पाच अंश बरे.

जाडी वाढवण्याचा सल्ला अर्धाच बरोबर का, हे आता दिसतं. १.२ ऐवजी १.६ मिलिमीटरचा पत्रा घेतला तर वाकायचं तापमान ०.४ वरून ०.७ अंशावर जातं आणि पत्रा तिसऱ्या हिश्श्यानं जड होतो. त्याऐवजी मागून आडवे-उभे अँगल टाकून मीटरभराच्या जागेचे २५ सेंटिमीटरचे चौकोन केले, तर b चौपट लहान होतो आणि १.२ मिलिमीटरचाच पत्रा सहा अंशांपर्यंत सपाट राहतो, १.६ मिलिमीटरचा ११ अंशांपर्यंत. मात्र मधले अँगलही पत्र्याला धरून असले पाहिजेत, नुसते मागे टेकवून चालत नाही.

तिसरी वाट म्हणजे पत्र्याला आधीच घडी द्यायची. एसीच्या डक्टच्या पत्र्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुलीसारखी पुसट घडी दिसते ती यासाठीच. पत्रा कुठे आणि कुठल्या बाजूला वाकायचं ते आपण ठरवून देतो, मग ‘टण्’ होत नाही. ज्वारीच्या पत्र्याच्या कोठ्यांवरच्या पट्ट्या आणि अक्कलकोट रोडच्या शेडवरचा पन्हळी पत्रा त्याच जातीचे. पन्हळीला आडवी वाढ पन्हळी किंचित मिटून पचते आणि उरते फक्त लांबीची. सहा मीटरचा पत्रा ४० अंशांना जवळजवळ ३ मिलिमीटर वाढतो, तेवढी ढील बोल्टच्या भोकाला ठेवावी. घट्ट भोकातला बोल्ट रोज ओढला-ढकलला जाऊन भोक लांबट होतं आणि पहिल्या पावसात तिथूनच गळतं.

आपल्या गेटचं पोट निव्वळ उन्हाचं आहे की पत्रा कायमचा बिघडलाय, हे ओळखायला पोटाच्या उलट बाजूनं कर्णावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरा ताणून मधलं अंतर पट्टीनं मोजावं. एकदा सूर्योदयाआधी, एकदा दुपारी तीनला. पहाटे शून्य आणि दुपारी आठ-दहा मिलिमीटर असेल तर तो उष्णतेचा लवचीक खेळ आहे, धातूला इजा नाही. पहाटेही पाच मिलिमीटर उरलं तर ते वेल्डिंगचं देणं किंवा कुणीतरी मारलेली ठोकर, आणि ते अँगल टाकून जात नाही, पत्रा सोडवून परत बसवावा लागतो. तापमान मोजायला हातातला इन्फ्रारेड थर्मामीटर चालतो, पण चकचकीत गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर तो धडधडीत खोटं सांगतो. पत्रा हात भाजेल इतका तापलेला असला तरी आकडा बराच कमी दिसतो. तिथे काळी इन्सुलेशन टेप चिकटवून दोन मिनिटांनी तिच्यावर मोजावं. तशीच एक पट्टी चौकटीवरही लावावी. आपल्याला हवा आहे तो दोन आकड्यांतला फरक.