मूळ फाइल हलली, जुना आकडा तसाच राहिला

माझ्या परिचयाच्या एका बांधकाम कंत्राटदाराच्या कार्यालयात कामाचे अंदाजपत्रक एक्सेलमध्ये तयार होते. साहित्याचे दर मात्र त्या वर्कबुकात टाइप केलेले नसतात. खरेदी पाहणारा कर्मचारी `Rates.xlsx` नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये बाजारभाव भरत राहतो आणि अंदाजपत्रकातील सेल तिथून दर उचलतात. सिमेंटच्या दराच्या सेलमध्ये पुढील सूत्र होते:

```
='D:\Rates\[Rates.xlsx]Material'!$C$5
```

एका सुट्टीच्या दिवशी संगणकातील पसारा आवरताना कुणीतरी `Rates.xlsx` ही फाइल `D:\Rates` मधून उचलून `D:\Office\Purchase` या फोल्डरात ठेवली. खरेदीचा कर्मचारी नव्या जागी नियमाने दर भरत राहिला. अंदाजपत्रक करणाऱ्याला या हलवाहलवीची कल्पना नव्हती. पुढचे अंदाजपत्रक तयार झाले तेव्हा सिमेंटची गोणी 360 रुपये आणि 12 मिलिमीटरची सळई टनाला 58,000 रुपये दिसत होती. प्रत्यक्षात त्या दिवशी दर अनुक्रमे 395 आणि 61,500 रुपये होते. 1,850 गोणी आणि 22 टन सळई एवढ्या कामावर हा फरक 64,750 अधिक 77,000, म्हणजे 1,41,750 रुपयांचा झाला. पूर्ण वर्कबुकात कुठेही लाल अक्षर नव्हते, `#REF!` नव्हते, आणि एकाही बेरजेत चूक नव्हती.

मूळ फाइल जागेवर नसेल तर सूत्राने त्रुटी दाखवायला हवी, अशी आपली साहजिक समजूत असते. एक्सेलची रचना तशी नाही. दुसऱ्या फाइलमधून एखादा आकडा एकदा वाचला की एक्सेल त्याची प्रत आपल्याच वर्कबुकात साठवून ठेवते आणि मूळ फाइल बंद असेल तेव्हा त्या प्रतीवरच सगळे गणित करते. यामागे सबळ कारण आहे. अंदाजपत्रकाची फाइल लॅपटॉपवर घेऊन साइटवर गेलेल्या अभियंत्याजवळ दरांची फाइल नसते, पण त्याला आकडे दिसायला तर हवेत. अडचण अशी की, मूळ फाइल फक्त बंद असणे आणि ती त्या जागी अस्तित्वातच नसणे, या दोन्ही अवस्थांत सेलमधील दृश्य अगदी सारखेच असते. `#REF!` प्रामुख्याने तेव्हा उमटते, जेव्हा फाइल सापडते पण तिच्यातील संबंधित शीट नाहीसे झालेले असते. फाइलच सापडली नाही तर एक्सेल साठवलेल्या प्रतीला हात लावत नाही.

ही साठवण डोळ्यांनी पाहता येते. `.xlsx` फाइल म्हणजे मुळात अनेक लहान एक्सएमएल फाइलींची झिप असते. अंदाजपत्रकाची एक प्रत काढून तिचे `.xlsx` हे शेपूट बदलून `.zip` केले आणि ती उघडली, तर `xl\worksheets` या फोल्डरातील शीटच्या फाइलमध्ये आपला सेल असा सापडतो:

```xml
<c r="D7"><f>[1]Material!$C$5</f><v>360</v></c>
```

इथे `f` मध्ये सूत्र आहे आणि `v` मध्ये शेवटचे उत्तर. सूत्रात फाइलचे नावही नाही, केवळ `[1]` हा क्रमांक आहे. हा क्रमांक कोणत्या फाइलचा, हे `xl\externalLinks` या फोल्डरात कळते. तिथल्या `externalLink1.xml` मध्ये दुसऱ्या फाइलमधून वाचलेल्या सेलांचे आकडे पुन्हा एकदा नोंदलेले असतात:

```xml
<row r="5"><cell r="C5"><v>360</v></cell></row>
```

मूळ फाइलचा पत्ता याच फोल्डरातील `_rels` मध्ये एका ओळीत लिहिलेला असतो. म्हणजे 360 हा आकडा वर्कबुकात दोन ठिकाणी आहे आणि पत्ता तिसऱ्या ठिकाणी. फाइल हलते तेव्हा हा पत्ता चुकीचा ठरतो, पण आकड्यांच्या दोन्ही नोंदी जशाच्या तशा राहतात.

त्यामुळे होणारी फसगत अधिक खोल आहे. गोण्यांची संख्या 1,850 वरून 2,000 केली की एकूण रक्कम लगेच बदलते, वस्तू व सेवा कराची ओळ बदलते, खालची बेरीजही बदलते. शीट पूर्णपणे जिवंत वाटते, कारण ते जिवंत असतेच. केवळ बाहेरून येणारा दर गोठलेला असतो. `F9` दाबून फेरगणना केली तरी काही फरक पडत नाही, कारण ती फेरगणना त्याच साठवलेल्या 360 वर होते.

मग वर्कबुक उघडताना येणारी सूचना कुठे गेली, असा प्रश्न पडतो. साधारणपणे बाहेरच्या लिंक असलेले वर्कबुक उघडताना एक्सेल आकडे अद्ययावत करायचे का, असे विचारते. होकार दिला आणि फाइल सापडली नाही, तर काही लिंक अद्ययावत करता येत नाहीत असे ते सांगते, आणि `Continue` दाबले की जुने आकडे ठेवून पुढे जाते. दिवसातून दहा वेळा वर्कबुक उघडणारा माणूस ही चौकट वाचेनासा होतो, आणि त्याला मी दोष देणार नाही. या कार्यालयात तर चौकट येतच नव्हती. लिंकच्या यादीत `Startup Prompt` नावाची एक सोय असते, तिच्यात सूचनाही दाखवू नये आणि आकडेही अद्ययावत करू नयेत, असा एक पर्याय आहे. कधीकाळी कुणीतरी तो निवडला होता. ही निवड वर्कबुकाबरोबर साठवली जाते, त्यामुळे त्या अंदाजपत्रकावरून पुढे काढलेल्या प्रत्येक प्रतीत ती उतरत गेली. ईमेलने आलेली फाइल सुरक्षित दृश्यात उघडते तेव्हाही लिंक अद्ययावत होत नाहीत. म्हणजे ती ज्याला पाठवली, त्यालाही साठवलेलेच आकडे दिसतात.

दर ताजे आहेत की साठवलेले, हे ओळखण्याचा सरळ मार्ग म्हणजे `Data` टॅबमधील `Edit Links`. नव्या आवृत्त्यांत त्याच जागी `Workbook Links` असे नाव दिसते. जुन्या खिडकीत `Check Status` दाबले की प्रत्येक मूळ फाइलसमोर तिची स्थिती लिहून येते, आणि हरवलेल्या फाइलसमोर `Error: Source not found` असे दिसते. एखाद्याच सेलची शंका असेल तर वर्कबुकाची प्रत घेऊन तिच्यातील त्या सेलवर `F2` आणि मग `Enter` दाबावे. एक्सेल तो दर नव्याने वाचायला जाते आणि फाइल मिळाली नाही तर ती शोधून द्या म्हणून फाइल निवडण्याची चौकट उघडते. ही चौकट उघडणे हाच पुरावा.

या तपासणीला एक मर्यादा आहे आणि ती मला अधिक धोक्याची वाटते. फाइल हलवण्याऐवजी नव्या जागी तिची प्रत केली आणि जुनी फाइल तिथेच राहिली, तर लिंक तुटतच नाही. स्थिती `OK` येते, सूचनेला होकार दिला तरी कोणतीही तक्रार येत नाही, आणि तरीही आकडे जुनेच असतात, कारण वाचली जाणारी फाइल आता कुणी भरत नाही.

या कार्यालयात दोष सापडल्यावर `Change Source` वापरून लिंक नव्या जागेकडे वळवण्यात आली. तिथे दुसरा दोष उघड झाला. सिमेंटचा दर आता 410 आणि सळईचा 62,300 दिसू लागला. दोन्ही आकडे पटण्याजोगे होते आणि दोन्ही चुकीचे होते. मधल्या काळात खरेदीच्या कर्मचाऱ्याने दरपत्रकात पाचव्या ओळीवर वेगळ्या दर्जाच्या सिमेंटची नवी ओळ घातली होती, त्यामुळे जुना सिमेंट `C6` मध्ये सरकला होता. सळईचा दर `C9` मधून वाचला जात होता, तिथे आता तिच्या वरच्या ओळीतली 10 मिलिमीटरची सळई आली होती. दोन्ही वर्कबुके एकाच वेळी उघडी असती तर ओळ घालताच एक्सेलने सूत्रातला पत्ताही सरकवला असता. अंदाजपत्रक बंद असल्यामुळे त्याला या बदलाची खबर नव्हती. म्हणून लिंक जोडून झाल्यावर निदान दोन-तीन दर मूळ फाइल उघडून समोरासमोर ताडून पाहावेत. कायमचा उपाय म्हणून दर सेलच्या पत्त्यावरून न उचलता वस्तूच्या नावावरून शोधून उचलावा, किंवा मूळ फाइलमध्ये त्या सेलला `CementRate` असे नाव द्यावे आणि सूत्रात ते नाव वापरावे. नाव दिलेला सेल ओळींबरोबर सरकला तरी त्याचे नाव त्याच्याबरोबर जाते.

`Break Link` या बटणाबद्दल इथे स्पष्ट सांगायला हवे. त्रासदायक सूचना थांबवण्यासाठी अनेक जण ते दाबतात. त्याने सूत्राच्या जागी त्या क्षणीचा साठवलेला आकडा कायमचा बसतो आणि ही क्रिया मागे घेता येत नाही. 360 हा आकडा मग टाइप केलेल्या आकड्यासारखा दिसतो आणि तो कुठून आला याची खूणही उरत नाही.

आम्ही शेवटी एक छोटी भर घातली, आणि हलवलेली फाइल असो वा मागे राहिलेली जुनी प्रत असो, दोन्ही तिच्यात सापडतात. दरपत्रकाच्या एका सेलमध्ये, दर भरले त्या दिवसाची तारीख खरेदीचा कर्मचारी हाताने टाइप करतो. तिथे `TODAY()` वापरायचे नाही, कारण ते सूत्र कुणी दर न भरताही नवी तारीख दाखवील. अंदाजपत्रकात ही तारीख इतर दरांसारखीच लिंकने `B2` मध्ये येते, आणि तिच्या शेजारी हे सूत्र आहे:

```
=IF(TODAY()-B2>7,"दर जुने आहेत","")
```

लिंक तुटली की `B2` मधील तारीखही दरांबरोबरच गोठते, पण आजची तारीख पुढे सरकत राहते, त्यामुळे आठवा दिवस उजाडला की शीटच्या माथ्यावर ही अक्षरे आपोआप येतात. सात दिवस ही मुदत या कार्यालयाने आपल्या सोयीने ठरवली आहे, सळईचे भाव वेगाने हलत असतील तेव्हा ते ती तीन दिवसांवर आणतात.