‘माइल्ड एमआर’ म्हणजे हृदयात नेमके काय गळते?

टू-डी इकोच्या अहवालात ‘माइल्ड एमआर’ हे शब्द वाचून अनेकांची झोप उडते आणि घरात लगेच ‘ब्लॉकेज’ची चर्चा सुरू होते. वास्तविक ब्लॉकेज हा हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचा विकार आहे, तर एमआर म्हणजे डावे अलिंद आणि डावे निलय यांच्यामधल्या मायट्रल झडपेची गळती.

निलय आकुंचन पावते तेव्हा या झडपेच्या दोन पाकळ्या एकमेकींना टेकून वाट बंद करतात. त्या नीट न टेकल्यास थोडे रक्त मागे अलिंदात जाते. समजा, एका ठोक्यात निलयातून 85 मिलिलिटर रक्त निघाले आणि त्यातले 15 मागे गेले, तर 70 मिलिलिटर शरीराला मिळतेच, म्हणजे निरोगी माणसाला मिळते जवळपास तेवढेच. गळती साधारण 30 मिलिलिटरपेक्षा कमी असेपर्यंत तिला सौम्य म्हणतात आणि एवढा जादा भार निलय सहज पेलते. म्हणूनच या रुग्णाला काहीच जाणवत नाही. चालणे, जिने चढणे, पोहणे, कामाला जाणे यांपैकी काहीही केवळ या कारणासाठी सोडावे लागत नाही.

मला सर्वांत रंजक वाटतो तो रक्तदाबाचा भाग. आकुंचनाच्या वेळी निलयात सुमारे 120 आणि अलिंदात सुमारे 10 मिलिमीटर पारा दाब असतो, आणि हा 110 चा फरकच रक्ताला फटीतून मागे ढकलतो. डॉप्लर तपासणीत दाबाचा फरक वेगाच्या वर्गाच्या चौपट धरतात, त्यामुळे झोताचा वेग सेकंदाला सुमारे 5.2 मीटर येतो. त्याच व्यक्तीचा दाब 160 असताना इको केला, तर फरक 150 होतो आणि वेग 6.1 मीटरवर जातो. फट तेवढीच राहिली तरी पडद्यावरचा रंगीत झोत मोठा दिसू शकतो. दोन अहवालांची तुलना करताना त्या दिवशीचा रक्तदाब पाहावा लागतो तो यासाठी, आणि उच्च रक्तदाबाचे औषध चुकवू नये तेही यासाठीच. झडपेच्या पाकळ्या ‘जुळवणारे’ काढे समाजमाध्यमांवर फिरतात. सैल झालेली पाकळी कोणत्याही काढ्याने घट्ट होत नाही.

दात काढण्यापूर्वी केवळ सौम्य गळतीसाठी प्रतिजैविक घेण्याची शिफारस नाही. दात आणि हिरड्या निरोगी ठेवणे मात्र आवश्यक आहे. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन झडप बिघडली असेल, तर गोष्ट वेगळी असते. अशा रुग्णाला दर तीन किंवा चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन दिले जाते आणि बरे वाटते म्हणून ते स्वतःहून थांबवणे धोक्याचे असते.

इतरांना सहसा तीन ते पाच वर्षांनी पुन्हा इको पुरतो. नेहमीच्या जिन्यावर दम लागू लागला, उताणे झोपल्यावर श्वास कोंडला, पायांवर सूज आली किंवा ठोके अनियमित जाणवले, तर ती मुदत संपण्याची वाट पाहू नये.